इटलीतल्या काउंटरवर कॉफी मागताना: रिस्त्रेत्तो, माक्क्यातो, कोर्रेत्तो

आई-बाबा आणि मावशी पहिल्यांदा उत्तर इटलीतल्या तोरिनोला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता मी त्यांना घराखालच्या दुकानात कॉफी प्यायला घेऊन निघाले. दारावर ठळक अक्षरांत ‘बार’ लिहिलेलं. बाबा पायरीवरच थांबले. “अगं, सकाळी सकाळी इथे?” त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे बार म्हणजे दारूचं दुकान. इटलीत मात्र बार म्हणजे मुख्यतः कॉफीचा काउंटर. सकाळी तिथे कॉफी आणि गोड पाव मिळतो, दुपारी सँडविच, संध्याकाळी त्याच फळीवर वाइनही मिळते. शाळेत निघालेली मुलं, नर्स, टॅक्सीवाले, आजीबाई सगळे तिथे उभ्याउभ्या कॉफी पिऊन तीन मिनिटांत बाहेर पडतात. तेव्हा पाटी पाहून बिचकू नका, आत जा.

त्या फळीपाशी उभं राहिल्यावर काय म्हणायचं, हे मी इथे सांगते आहे. शब्द बरेच दिसतात, पण त्यांच्यामागचं गणित एकच आहे आणि ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही.

आधी पैसे की आधी कॉफी?

आत गेल्यावर दोन जागा शोधा. एक ‘कास्सा’, म्हणजे गल्ला. दुसरी ‘बांको’, म्हणजे कॉफी करणाऱ्या बारिस्ताची फळी. मोठ्या स्टेशनांत, महामार्गावरच्या थांब्यांवर आणि मोठ्या शहरांतल्या गर्दीच्या दुकानांत आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, तिथे मिळालेली पावती घ्यायची आणि ती फळीवर ठेवून कॉफी सांगायची. या पावतीला ‘स्कोन्त्रीनो’ म्हणतात. बारिस्ता ती थोडी फाडतो किंवा तिच्यावर खूण करतो, म्हणजे ती वापरली गेली. गल्लीतल्या छोट्या बारमध्ये याच्या उलट. आधी प्या, मग जाताना गल्ल्यावर काय घेतलं ते सांगा आणि पैसे द्या. कोणती पद्धत आहे हे कळत नसेल, तर दाराशी अर्धा मिनिट थांबून तुमच्या पुढचा माणूस काय करतो ते पाहा. लोकांच्या हातात पावत्या दिसल्या तर गल्ला आधी.

दुसरी गोष्ट बसण्याची. उभं राहून प्यायलात तर एक दर, टेबलाशी बसून मागवलंत तर दुसरा. फळीवर साधी कॉफी साधारण सव्वा ते दीड युरोला मिळते. प्रसिद्ध चौकातल्या टेबलाशी तीच कॉफी कित्येक पट महाग पडू शकते. व्हेनिसच्या सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचा आकारही बिलात वेगळा लागतो. दरपत्रक भिंतीवर लावलेलं असतं, त्यावर ‘अल् बांको’ आणि ‘अल् ताव्होलो’ असे दोन रकाने असले तर पहिला उभ्याचा आणि दुसरा टेबलाचा. फळीवर कॉफी घेऊन परस्पर टेबलाशी जाऊन बसू नका. पुष्कळ ठिकाणी ते चालत नाही.

मूळ माप एकच: पंचवीस मिलिलिटर

इटलीत ‘उन काफ्फे’ म्हटलं की एस्प्रेसोच येते. ‘एस्प्रेसो’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. परदेशी चेहरा पाहून बारिस्ताने “नोर्माले?” असं विचारलं, तर तो साधी एस्प्रेसो हवी ना, एवढंच विचारतोय. मान डोलवा.

ही साधी कॉफी म्हणजे सुमारे सात ग्रॅम बारीक दळलेली पूड, तिच्यातून हवेच्या साधारण नऊपट दाबाने, उकळीच्या जरा खालच्या तापमानाचं पाणी पंचवीसेक सेकंद ढकललेलं आणि कपात उतरलेला पंचवीसेक मिलिलिटर अर्क. म्हणजे पाच चमचे. आपल्या कटिंग चहाच्या निम्म्याहूनही कमी. बाबांनी पहिल्यांदा कपात डोकावून पाहिलं आणि “एवढीच?” म्हणाले. एवढीच असते. तिच्या वर तपकिरी सायीसारखा थर दिसतो, त्याला ‘क्रेमा’ म्हणतात. त्यात दूध नसतं. दाबामुळे कॉफीतले तेलकट अंश आणि वायू मिळून तो थर तयार होतो. वाफेच्या दाबावर चालणारी यंत्रं १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी पेटंट घेतल्यापासून होती, पण त्यांच्या कपात हा थर येत नसे. आखिल्ले गाज्जा यांचं दांडा ओढून चालणारं यंत्र १९४८ मध्ये बाजारात आलं, दाब वाढला आणि थर दिसू लागला. लोकांना तो फेस नवा होता, म्हणून यंत्रावरच ‘कॉफीची नैसर्गिक क्रेमा’ अशा अर्थाची अक्षरं लिहिलेली असत.

आता मुख्य मुद्दा. रिस्त्रेत्तो, लुंगो, माक्क्यातो, कोर्रेत्तो ही वेगवेगळ्या पेयांची नावं नाहीत. ती विशेषणं आहेत. त्या पंचवीस मिलिलिटरचं काय केलं, एवढंच ती सांगतात. रिस्त्रेत्तो म्हणजे आवळलेली, लुंगो म्हणजे लांब, माक्क्यातो म्हणजे डाग पडलेली, कोर्रेत्तो म्हणजे दुरुस्त केलेली. पाटीवर कुठलाही अनोळखी शब्द दिसला तरी आधी हाच प्रश्न विचारायचा: मूळ कॉफीचं काय केलं? तिच्यातलं पाणी कमी-जास्त केलं, की तिच्यात काही घातलं?

उच्चाराबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्यात मराठी माणसाची मोठी सोय आहे. इटालियन ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. इंग्रजी वळणाने ‘मॅकिआटो’ म्हणू नका, सरळ ‘माक्क्यातो’ म्हणा. सी या अक्षरानंतर एच आलं की तिथे ‘क’ होतो, म्हणून ‘माच्यातो’ही नाही. जोडाक्षरं दाबून म्हणायची, जशी आपण ‘पत्ता’ आणि ‘पक्का’ म्हणतो तशी: लात्ते, कोर्रेत्तो, काप्पुच्चीनो. ‘काफ्फे’ म्हणताना जोर शेवटच्या अक्षरावर द्या. आणि कॉफी आपल्याकडे ती असली तरी इटालियनमध्ये काफ्फे ‘तो’ आहे, म्हणून ही सगळी विशेषणं ओकारान्त.

पाणी कमी, पाणी जास्त

रिस्त्रेत्तो मागितली की बारिस्ता पूड तेवढीच घालतो, पण धार लवकर थांबवतो. कपात पंधरा-वीस मिलिलिटर उतरते. याचा चवीवर परिणाम का होतो, तर पुडीतून सगळं एकाच वेळी निघत नाही. सुगंध, आंबटपणा आणि गोडसर अंश आधी उतरतात, कडू आणि तुरट अंश मागाहून. धार लवकर तोडली की मागाहून येणारा कडूपणा पुष्कळसा पुडीतच राहतो. म्हणून चांगली रिस्त्रेत्तो दाट असते, काकवीसारखी जिभेवर रेंगाळते, पण घशाशी कडू लागत नाही.

‘रिस्त्रेत्तो म्हणजे जास्त कडक, म्हणून झोप उडवणारी’ असं पुष्कळांना वाटतं. चव दाट असते हे खरं. कॅफीन मात्र साध्या एस्प्रेसोपेक्षा किंचित कमीच उतरतं, कारण पूड तेवढीच आणि पाणी कमी गेलेलं. ट्रेन पकडायची आहे, रात्रभर जागायचं आहे म्हणून रिस्त्रेत्तो घेत असाल तर काही उपयोग नाही. त्यासाठी ‘दोप्प्यो’ असते, म्हणजे दोन मापं एका कपात. इटालियन माणूस सहसा दोप्प्यो घेत नाही. तो एक साधी पितो आणि दोन तासांनी पुन्हा येतो.

लुंगोमध्ये उलट. त्याच पुडीतून धार चालू ठेवायची, साधारण दुप्पट होईपर्यंत. पेय जास्त दिसतं, पण शेवटचं पाणी कडूपणा घेऊन उतरतं. ज्यांना ‘जरा जास्त आणि जरा सौम्य’ कॉफी हवी असते, ते हटकून लुंगो मागवून फसतात: पातळ होते आणि वर कडूही होते. सौम्य हवी असेल तर ‘आमेरिकानो’ सांगा. त्यात नेहमीची एस्प्रेसो वेगळी काढतात आणि तिच्यात गरम पाणी मिसळतात. पुष्कळ ठिकाणी पाणी छोट्या किटलीत वेगळं देतात, मग हवं तेवढं स्वतः ओतायचं. मावशीला घरी पाण्यातली कोरी कॉफी प्यायची सवय. तिच्यासाठी हीच.

बारिस्ताने नीट काढली की नाही, हे फळीवरून दिसतं. यंत्राच्या तोटीकडे पाहा. चांगली धार सुरुवातीला गडद असते आणि बारीक होत खाली उतरते. इटालियन लोक तिला ‘उंदराची शेपटी’ म्हणतात. धार लगेच पिवळट-पांढरी होऊन भसकन वाहू लागली तर पूड जाड आहे किंवा कमी आहे, आणि कपात पांढुरका विरळ फेस येईल जो बघता बघता विरतो. उलट थेंब थेंब पडून वेळ लागला आणि फेसावर मधोमध काळपट छटा आली तर पूड फार बारीक होती, कॉफी करपट लागेल. एका दुकानात असं दिसलं तर तिथे रिस्त्रेत्तोऐवजी दूध घातलेलं काही घ्या, दुधात दोष लपतो.

कपाशेजारी लहान ग्लासात पाणी ठेवलं असेल तर ते कॉफीच्या आधी प्यायचं असतं, तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. दक्षिणेत ते न मागता मिळतं, उत्तरेत बहुधा मागावं लागतं: “उन बिक्क्येरे द’आक्वा”. फळीवर कॉफीबरोबर मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

दुधाचे शब्द, आणि कोणावर कशाचा डाग

माक्क्यातो म्हणजे डाग पडलेली. कॉफीवर दुधाचा डाग: एका एस्प्रेसोवर चमचा-दोन चमचे दूध, बस्स. ती सांगितली की लगेच पुढचा प्रश्न येतो, “काल्दो ओ फ्रेद्दो?” इथे माझ्या ओळखीतले निम्मे लोक चुकतात. ‘काल्दो’ ऐकून इंग्रजीतला थंडीचा शब्द आठवतो. काल्दो म्हणजे गरम! फ्रेद्दो म्हणजे थंड. घरातल्या नळावर सी अक्षर दिसलं तरी तेच, तो गरम पाण्याचा नळ. काल्दो म्हटलं तर वाफेने फेसाळलेल्या दुधाचा ठिपका वर येतो. फ्रेद्दो म्हटलं तर छोट्या भांड्यात थंड दूध मिळतं आणि ते आपण हवं तेवढं घालायचं. मला उन्हाळ्यात फ्रेद्दो बरी वाटते, कारण कॉफी लगेच पिण्याजोगी होते आणि दूध किती हे माझ्या हातात राहतं.

आता ‘लात्ते माक्क्यातो’ पाहा. नाम बदललं. इथे डाग पडलाय दुधावर, कॉफीचा. उंच ग्लासात गरम दूध, वर फेस आणि मधून ओतलेली एक एस्प्रेसो. म्हणजे काफ्फे माक्क्यातो आणि लात्ते माक्क्यातो ही दोन टोकं आहेत. एकीत जवळजवळ सगळी कॉफी, दुसरीत जवळजवळ सगळं दूध. नुसतं ‘माक्क्यातो’ म्हटलं तर छोटा कपच येतो.

आणि नुसतं ‘लात्ते’ म्हटलं तर? लात्ते म्हणजे दूध. इटलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका स्टेशनवर मुंबईच्या मॉलमधल्या सवयीने ‘उन लात्ते’ म्हणाले. बारिस्ताने एकदा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं आणि त्याने पेलाभर थंड दूध समोर ठेवलं. कॉफी कुठेच नव्हती. त्याची काही चूक नव्हती, मी मागितलं तेच मला मिळालं. तुम्हाला मॉलमधली ती दुधाची कॉफी हवी असेल तर ‘काफ्फेलात्ते’ किंवा ‘लात्ते माक्क्यातो’ असं पूर्ण म्हणा.

काप्पुच्चीनो सगळ्यांना ठाऊक आहे, पण इटलीतला काप्पुच्चीनो छोटा असतो: एक एस्प्रेसो आणि सुमारे शंभर मिलिलिटर दूध, जे वाफेने फुगून सव्वाशेक होतं. दीडशे मिलिलिटरच्या आसपास सगळा कप. नाव कापुचिन पंथाच्या साधूंच्या तपकिरी झग्यावरून आलं. हा नाश्त्याचा प्रकार आहे. दुपारच्या जेवणानंतर तो घेणं इटालियन लोकांना जड वाटतं, पण कोणी अडवत नाही. संध्याकाळी चार वाजता हवा असेल तर बिनधास्त मागा.

आपल्या लोकांची काप्पुच्चीनोबद्दल एकच तक्रार असते: कोमट आहे. आई पहिल्या घोटाला म्हणाली, “अगं, थंड झालाय हा.” तो थंड झाला नव्हता. दूध साधारण पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंतच तापवतात. त्या गरमीत दुधाची गोडी सर्वांत चांगली लागते आणि फेस मऊ राहतो. उकळता चहा पिणाऱ्या जिभेला ते कोमट वाटणारच. यावर शब्द आहेत. ‘बेन काल्दो’ म्हणजे चांगला गरम. ‘बोल्लेन्ते’ म्हणजे कढत. बोल्लेन्ते सांगितलं तर दूध खरंच कढत येईल, पण फेस कोरडा आणि जाडसर होतो आणि दुधाला शिजल्याचा वास लागतो. मी आईसाठी ‘बेन काल्दो’ सांगते, त्यात दोन्ही जमतं. उलट कोमट हवं असेल तर ‘त्येपीदो’.

साखर बारिस्ता घालत नाही, पुड्या फळीवर असतात. त्यातली ‘दी कान्ना’ लिहिलेली पुडी तपकिरी साखरेची. कॅफीन नको असेल तर ‘देका’ म्हणा, सगळ्यांना कळतं. ‘ओर्झो’ म्हणजे भाजलेल्या सातूचं पेय, त्यात कॉफी नसतेच, त्यामुळे लहान मुलांनाही देतात. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: काप्पुच्चीनोबरोबर मिळणाऱ्या कोर्नेत्तो या गोड पावात, ज्याला उत्तरेत ब्रिओश म्हणतात, अंडं असतं.

कोर्रेत्तो: काय दुरुस्त केलं?

हा शब्द सावधपणे समजून घ्यायला हवा, कारण पाटीवरून काहीच कळत नाही. कोर्रेत्तो म्हणजे दुरुस्त केलेली, आणि ही दुरुस्ती दारूने केलेली असते. एस्प्रेसोत घोटभर ग्राप्पा किंवा साम्बुका. ग्राप्पा ही वाइन काढल्यावर उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळतात, आणि तिच्यात किमान साडेसदतीस टक्के मद्यार्क असतो. साम्बुका गोड आणि बडीशेपेच्या वासाची, तीही तितकीच कडक. कॉफीचा कप दिसायला नेहमीसारखाच दिसतो, म्हणून जे घेत नाहीत त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा, आणि गाडी चालवणाऱ्यांनीही.

मागताना कशाने दुरुस्त करायची तेही सांगायचं: “उन कोर्रेत्तो आल्ला ग्राप्पा” किंवा “आल्ला साम्बुका”. नुसतं कोर्रेत्तो म्हटलंत तर बारिस्ता “कोन कोजा?”, म्हणजे “कशाने?”, असं विचारेल. उत्तरेकडे ग्राप्पाकडे ओढा जास्त. हे थंडीतलं आणि जेवणानंतरचं पेय आहे, पण व्हेनिसच्या आसपासच्या व्हेनेतो भागात सकाळच्या बाजाराच्या वेळीही मी म्हातारी माणसं हे पिताना पाहिली आहेत. त्याच भागात ‘रेझेन्तीन’ म्हणून आणखी एक पद्धत आहे. कॉफी पिऊन झाली की तळाशी राहिलेल्या साखरेत थोडी ग्राप्पा ओततात, कप गोल फिरवून विसळतात आणि ते पितात. नावाचा अर्थच विसळणं.

प्रमाण बारिस्ताच्या हातावर असतं. कमी हवी असेल तर “उन गोच्चो” म्हणा, म्हणजे थेंबभर. पहिल्यांदा घेणाऱ्याने साम्बुका निवडावी असं मला वाटतं. ती कॉफीच्या कडूपणाला गोडीने धरते, ग्राप्पा नवख्याच्या नाकात चढते.

चौघांची ऑर्डर, प्रत्यक्ष

आता हे सगळं एकत्र करू. तोरिनोचं पोर्ता नुओवा स्टेशन, मिलानची गाडी सुटायला पंधरा मिनिटं. बाबांना दाट आणि छोटी, आईला दुधाची आणि चांगली गरम, मावशीला झोपेचा त्रास म्हणून कॅफीन नसलेली पण जरा दूध घातलेली, मला माक्क्यातो थंड दुधाची.

इथे एक बारकावा आहे जो मला कोणी सांगितला नव्हता. गल्ल्यावर सगळं वर्णन करायची गरज नसते. गल्ल्यावरच्या माणसाला फक्त किंमत बदलणारे प्रकार हवे असतात. रिस्त्रेत्तो आणि साधी कॉफी एकाच दराची, म्हणून तिथे बाबांची नुसती ‘काफ्फे’. गरम की थंड, दाट की साधी, हे बारिस्ताला सांगायचं. मागे रांग असताना गल्ल्यावर ‘बेन काल्दो’ वगैरे सांगत बसलं की गोंधळ होतो.

तर मी गल्ल्यावर म्हटलं: “ब्वोनज्योर्नो. उन काफ्फे, उन माक्क्यातो, उन काप्पुच्चीनो ए उन देका माक्क्यातो.” एक युरो तीस, एक चाळीस, एक ऐंशी आणि एक साठ, मिळून सहा युरो दहा सेंट झाले. पावती घेतली.

मग फळीवर मोकळी जागा पाहून चौघं उभे राहिलो. रांग नसते, पण कोण आधी आलं हे बारिस्ता डोळ्यांनी टिपत असतो. हात वर करू नका, हाका मारू नका. पावती त्याला दिसेल अशी फळीवर ठेवा आणि त्याची नजर येईपर्यंत थांबा. त्याने “दीका” किंवा “प्रेगो” म्हटलं की तुमची पाळी. मी सांगितलं: “उन रिस्त्रेत्तो, उन माक्क्यातो फ्रेद्दो, उन काप्पुच्चीनो बेन काल्दो, ए उन देका माक्क्यातो काल्दो. ग्रात्सिये.” त्याने तेवढं एकदाच ऐकलं, न लिहिता चार बश्या फळीवर मांडल्या आणि प्रत्येक बशीवर चमचा ठेवला. बशी मांडणं हीच त्याची नोंद. चारांऐवजी तीन बश्या दिसल्या असत्या तर तेव्हाच सांगायचं असतं, कॉफी निघाल्यावर नाही.

कप आल्यावर ओळख अशी पटवली: सर्वांत कमी भरलेला छोटा कप बाबांचा. पांढरा ठिपका असलेला छोटा कप मावशीचा. शेजारी दुधाचं छोटं भांडं असलेला माझा. मोठा कप आईचा. मावशीचा देकाच आहे ना, याची खात्री करायला मी “ए इल् देका?” असं विचारलं, म्हणजे “हाच देका का?”. दिसायला दोन्ही सारखे असतात, म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका.

बाबांनी रिस्त्रेत्तो दोन घोटांत संपवली आणि कप पुन्हा नाकाशी नेला. आईने काप्पुच्चीनोत दोन पुड्या साखर घातली. सगळं मिळून सहा मिनिटं.

गाव बदललं की शब्दही बदलतात

वरचे शब्द बहुतेक देशभर चालतात. काही गावं मात्र वेगळी आहेत, त्यातलं सर्वांत वेगळं त्रिएस्ते. हे जुनं बंदर, १७१९ पासून मुक्त बंदर, कॉफीच्या व्यापारावर वाढलेलं. तिथे साधी एस्प्रेसो म्हणजे ‘नेरो’, काळी. माक्क्यातो म्हणजे ‘कापो’. तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी असेल तर ‘कापो इन बी’, कारण ग्लासाला बिक्क्येरे म्हणतात आणि त्याचं पहिलं अक्षर बी. तिथे ‘काप्पुच्चीनो’ मागितलात तर माक्क्यातोएवढा छोटा कप समोर येण्याची शक्यता आहे. मोठा हवा असेल तर ‘काफ्फेलात्ते’ म्हणायचं. मी तिथे पहिल्या दिवशी तीन वेगवेगळ्या दुकानांत ऐकत उभी राहिले तेव्हा कुठे ही गंमत उलगडली.

आमच्या तोरिनोत ‘बिचेरीन’ प्या. काचेच्या ग्लासात खाली दाट चॉकलेट, मग कॉफी, वर साय, आणि ढवळायचं नाही. ‘मारोक्कीनो’ही याच प्रदेशातली, छोट्या ग्लासात कोको पावडर, कॉफी आणि दुधाचा फेस. नापोलीत कप इतके तापवलेले असतात की ओठ भाजतो, म्हणून कडेला ओठ लावण्याआधी बोटाने अंदाज घ्या. काही जुन्या दुकानांत कॉफी साखर घालूनच देतात, बिनसाखरेची हवी असेल तर आधीच ‘आमारो’ म्हणा. तिथेच ‘काफ्फे सोस्पेझो’ची रीत आहे: आपली एक कॉफी प्यायची, पैसे दोनचे भरायचे आणि दुसरी ज्याला परवडत नाही अशा कोणा अनोळखी माणसासाठी ठेवायची. तुम्हालाही करता येतं, गल्ल्यावर “उन काफ्फे ए उन सोस्पेझो” एवढंच म्हणायचं.

उन्हाळ्यात दक्षिणेला लेच्चेकडे गेलात तर ग्लासभर बर्फावर गरम एस्प्रेसो ओततात आणि गोडीसाठी बदामाचं सरबत घालतात. आपल्या जिभेला ते फार लवकर रुचतं. बर्फ आणि कॉफी एकत्र हलवून फेसाळ केलेली हवी असेल तर ‘शेकेरातो’ मागा, ती देशभर मिळते, पण गर्दीच्या वेळी मागू नका, कारण तिला बारिस्ताचे दोन्ही हात आणि पूर्ण एक मिनिट लागतं.